बंदराच्या पाठीमागचा घाट

माझे वडील मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणाऱ्या आणि जहाजात चढणाऱ्या मालाची नग मोजून नोंद करणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते. मी लहान असताना त्यांना एकदा विचारले होते की, मुंबईचे बंदर एवढे मोठे का झाले. त्यांनी समुद्राकडे बोट न दाखवता पूर्वेकडे, जिथे हवा स्वच्छ असलेल्या दिवशी डोंगरांची निळी रेघ दिसते तिकडे, बोट दाखवले होते. त्या उत्तराचा अर्थ मला पुढे अर्थशास्त्राचा इतिहास शिकवताना थोडाथोडा उलगडत गेला. पण तो पायांनी आणि चाकांनी तपासून पाहावा, ही इच्छा बरीच वर्षे मनात होती. यंदा फेब्रुवारीच्या अखेरीस पाच दिवस मोकळे मिळाले आणि शिवडीच्या घरातून निघाले.

पहिला दिवस : भाऊचा धक्का, मोरा आणि शिवडी

सकाळी भाऊच्या धक्क्यावर पोहोचले तेव्हा मोऱ्याची लाँच सुटायला उशीर होता. ओहोटी लागली होती, आणि पलीकडे उरणजवळच्या मोरा बंदरात पाणी उतरले की गाळ वर येतो आणि लाँचला धक्क्याला लागता येत नाही. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार ते पाच मीटर असतो, म्हणजे दीड मजल्याइतके पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. प्रवासी सवयीने बाकांवर बसून होते. कोळणींच्या टोपल्या सावलीला सरकवलेल्या होत्या.

लाँच सुटली आणि अर्ध्या तासात सगळे बंदर डोळ्यांपुढे उलगडले. पश्चिमेला मुंबई बेट पाठ करून उभे आहे, त्यामुळे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा मारा आत पोहोचत नाही. पूर्वेला घारापुरी, मध्ये तेलाची जहाजे लागणारे जवाहर द्वीप आणि त्यांच्यामागे न्हावा-शेवाच्या क्रेनची रांग दिसते. बंदरासाठी निसर्गाने जे द्यायचे ते इथे मुक्तहस्ते दिलेले आहे, यात शंका नाही. मात्र हे देणे पोर्तुगीजांच्या काळातही असेच होते. १६६१ च्या विवाह-करारात मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीला दिली, आणि १६८७ मध्ये कंपनीने आपले पश्चिम किनाऱ्यावरचे मुख्य ठाणे सुरतेहून इथे हलवले. तरीही त्यानंतर कित्येक दशके व्यापार सुरतेच्याच पेठेत होत राहिला. सुरतेचे पाणी मुंबईच्या पाण्यापुढे काहीच नव्हते. तापीच्या मुखाशी वाळूचे बांध, आत गाळ, त्यामुळे मोठी जहाजे सुवाळीपाशी उभी राहायची आणि माल होड्यांतून ने-आण करावा लागायचा. पण तापीच्या खोऱ्यातून बऱ्हाणपूरकडे आणि तिथून आग्र्याकडे जाणारी सपाट वाट सुरतेच्या पाठीशी होती. मुंबईच्या पाठीशी सह्याद्रीची भिंत होती आणि तिच्यामागे मराठ्यांचे राज्य होते.

परतीच्या लाँचने दुपारी उतरले आणि जुन्या गोद्यांच्या भिंतीला लागून चालत निघाले. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची. त्यानंतर १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी बांधली गेली, जिला आज आपण इंदिरा गोदी म्हणतो. या गोद्या म्हणजे भरतीचे पाणी दारे लावून आत कोंडून ठेवणारे हौद आहेत. मी सकाळी ज्या ओहोटीसाठी थांबले होते, तीच ओहोटी जहाजांना अडवू नये म्हणून ते बांधले गेले. इंदिरा गोदीच्या प्रवेशद्वाराची रुंदी ३०.५ मीटर आहे. १९१४ मध्ये ती ऐसपैस होती. आजची मोठी कंटेनर जहाजे ३६६ मीटर लांब आणि ५१ मीटर रुंद असतात, म्हणजे त्यांना त्या दारातून आत शिरताच येणार नाही. बाबांच्या नोकरीच्या उत्तरार्धात गोदीतली जहाजे कमी होत गेली, तेव्हा घरात कामगारांच्या कामचुकारपणाविषयी आणि संपांविषयी बोलले जाई. ते ऐकून बाबा गप्प बसत. मोजणारा माणूस असल्याने दाराची रुंदी त्यांना पाठ होती.

संध्याकाळी कॉटन ग्रीन स्थानकावर उतरले. एकेकाळी कुलाब्यात असलेला कापसाचा बाजार इकडे आणला गेला आणि स्थानकाला त्याचे नाव मिळाले. रिकाम्या गोदामांच्या लांबच लांब रांगा अजून उभ्या आहेत. हा कापूस कुठून आणि कोणत्या वाटेने येत होता, हाच पुढच्या चार दिवसांचा विषय होता.

दुसरा दिवस : कल्याण आणि नाणेघाट

कल्याणहून पहाटेची माळशेजमार्गे जाणारी एसटी पकडली आणि वैशाखरेच्या पुढे नाणेघाटाच्या पायथ्याशी उतरले. चढायला तीन तास लागले. शेवटच्या टप्प्यात वाट दोन कड्यांच्या मधल्या अरुंद घळीत शिरते. तिथे दगडी पायऱ्या लाखो खुरांनी आणि पावलांनी गुळगुळीत झालेल्या आहेत. माथ्याच्या आत सातवाहनांचे लेणे आहे आणि त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, ज्यात यज्ञांत दिलेल्या दानांचे आकडे कोरलेले आहेत. घळीच्या वरच्या तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात, असे परंपरा सांगते.

रांजणाच्या काठाला हात लावून मी बराच वेळ तिथे उभी होते. पूर्वेला पठार सुरू होते, जुन्नर आणि त्यापलीकडे पैठण. पश्चिमेला पाय घसरला तर थेट कोकण. या घळीतून एका वेळी लादलेल्या बैलांची एकच ओळ जाऊ शकते, त्यामुळे जकात घेणाऱ्याला पहारेकऱ्यांची फौज लागत नव्हती, एक जागा लागत होती. शेजारी जीवधन, थोडे पलीकडे चावंड आणि हडसर, आणि जुन्नरवर शिवनेरी, अशी किल्ल्यांची मांडणी कल्याणच्या बंदराची मागची बाजू सांभाळण्यासाठी उपयोगी पडली.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदीत कल्याणविषयी एक वाक्य आहे, जे मी वर्गात दरवर्षी वाचून दाखवते. पूर्वी कल्याण हे रीतसर व्यापाराचे बंदर होते, पण सत्ता बदलल्यापासून तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे तो सांगतो. त्याच नोंदीत पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तेर त्याहून दहा दिवस पुढे, आणि तिथला माल गाड्यांतून भडोचला येतो, असेही आहे. नकाशा पाहिला तर पैठणच्या व्यापाऱ्याला कल्याण कितीतरी जवळचे होते. तरी त्याचा माल वीस दिवस चालत दूरच्या बंदराला गेला. नाणेघाटातला एक दगड हलला नव्हता, कल्याणच्या खाडीतले पाणी आटले नव्हते. घाटाच्या दोन टोकांवर दोन वेगळ्या सत्ता आल्या, एवढ्यानेच जवळचे बंदर लांबचे झाले.

उतरताना गुडघे बोलू लागले. सोबतच्या घाटघरच्या आजोबांनी सांगितले की, त्यांच्या लहानपणीही खालून मीठ आणि सुके मासे डोक्यावर वर येत आणि वरून तांदूळ-नाचणी खाली जाई. लमाणांच्या तांड्यांचेही शतकानुशतके तसेच होते. बैल धान्य आणि कापूस घेऊन खाली यायचा आणि मीठ घेऊन वर जायचा. कोकणात मिठागरे नसती, तर त्या बैलाला रिकामे चढावे लागले असते आणि उतरणीच्या मालावर दोन्ही खेपांचे भाडे चढले असते. बंदराकडे माल येण्यासाठी बंदराकडेही परत देण्याजोगे काही असावे लागते. आजोबांना हे सूत्र म्हणून सांगायची गरज नव्हती, त्यांच्या वडिलांनी ते डोक्यावर वाहिले होते.

तिसरा दिवस : कर्जत ते लोणावळा

आजचा प्रवास सगळ्यात लहान होता, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कर्जतला गाडी थांबली की बहुतेक प्रवासी वड्यासाठी खिडकीकडे झेपावतात. मी मागच्या टोकाकडे चालत गेले. तिथे जोडइंजिने सावकाश येऊन शेवटच्या डब्याला टेकली. कप्लिंग लावून एका कर्मचाऱ्याने हिरवी झेंडी दाखवली, आणि धक्का पुढून न बसता पाठीतून बसला.

या मागून ढकलणाऱ्या इंजिनांना बँकर म्हणतात, आणि त्यांची गरज एका आकड्यात सांगता येते. घाटातला चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर रूळ एक मीटर वर चढतो. ऐकायला किरकोळ वाटते. पण सपाट रुळावर एक टन वजन चालते ठेवायला तीन-चार किलोंची ओढ पुरते, आणि या चढावर त्यात दर टनामागे आणखी २७ किलोंची भर पडते. म्हणजे कर्जतपर्यंत जे इंजिन आरामात येते, त्याच्यापुढे काम एकदम आठपट होते. उतरणीला उलटे संकट असते. तिथे ब्रेक सुटलेली गाडी थांबवण्यासाठी ठरावीक ठिकाणी चढावर जाणारे आडमार्ग काढून ठेवलेले आहेत, त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. ठाकूरवाडी गेल्यावर खिडकीतून असा एक रूळ डोंगरात शिरताना दिसला. तो कुठेच जात नाही, आणि म्हणूनच तो तिथे आहे.

बोरघाटातली गाडीवाट १८३० मध्ये, जॉन माल्कम गव्हर्नर असताना, सुरू झाली. पेशवाई जाऊन बारा वर्षे झाली होती आणि घाटाच्या दोन्ही टोकांना आता एकच सत्ता होती, म्हणजे कल्याणला जे नडले ते मुंबईच्या वाटेतून दूर झाले होते. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आली. घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे ही लाइन १८५८ मध्ये सुरू झाली. मधला घाट मात्र तसाच राहिला. म्हणजे पुढची पाच वर्षे पुण्याहून निघालेला माल खंडाळ्याला गाडीतून उतरवायचा, बैलगाडीत भरायचा, घाट उतरवायचा आणि खोपोलीला पुन्हा गाडीत भरायचा. प्रवासी पालखीतून किंवा तट्टावरून उतरत. दोन्हीकडे वाफेचे इंजिन असूनही अख्ख्या मार्गाची क्षमता त्या मधल्या काही मैलांतल्या बैलाइतकीच होती. जाणकार आजही वाहतुकीचा मार्ग याच नजरेने पाहतात. सर्वांत रुंद तुकड्याला महत्त्व नसते, माल कुठे उतरवून पुन्हा चढवावा लागतो ते आधी शोधायचे असते.

हा तुकडा जोडायला सात वर्षे लागली. मुख्य अभियंता जेम्स बर्कले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन काही आठवड्यांतच वारला, आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, ते कंत्राट पुढे चालवले. १८६१ मध्ये घाटात ४२,००० मजूर काम करत होते. त्यांतले हजारो पटकीने आणि तापाने गेले आणि त्यांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत. बर्कले स्वतः १८६२ मध्ये, मार्ग पुरा होण्याआधी वारला. २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. २५ बोगदे होते, सुमारे २५ किलोमीटरमध्ये ५५८ मीटर चढ होता. चढ याहून तीव्र होऊ नये म्हणून खंडाळ्याजवळ डोंगराच्या नाकावर गाडी थांबवून तिची दिशा उलटी करावी लागे. ती कसरत १९२९ मध्ये नव्या बोगद्यांनी संपली.

लोणावळ्याला बँकर सुटले आणि गाडी हलकी होऊन पुण्याकडे निघाली. मी उतरले, आणि त्यांच्याच पाठोपाठ दुपारच्या गाडीने खाली आले.

चौथा दिवस : कसारा, इगतपुरी आणि निफाड

मुंबईचे भाग्य अमेरिकेतल्या यादवी युद्धाने उजळले, असे शाळेपासून शिकवले जाते. १८६१ मध्ये अमेरिकेचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली, आणि पैशाचा पूर आला, हे खरेच आहे. पण कसाऱ्याला गाडी थांबून मागे बँकर लागत होता, तेव्हा मी वहीत दोन तारखा शेजारी-शेजारी लिहिल्या. थळघाटाचा लोहमार्ग खुला झाला १ जानेवारी १८६५ रोजी. अमेरिकेतले युद्ध संपले एप्रिल १८६५ मध्ये. म्हणजे खानदेश आणि वऱ्हाडाच्या कापसाला मुंबईत उतरवणारा दरवाजा उघडला, आणि तीन-चार महिन्यांत भाव कोसळले. त्या तेजीचा पैसा बराचसा सट्ट्यात आणि बुडणाऱ्या कंपन्यांत गेला. घाट मात्र तिथेच राहिला.

त्याआधी वऱ्हाडाचा कापूस काय करत होता, हे पाहिले तर माझा मुद्दा स्पष्ट होईल. अमरावतीच्या व्यापाऱ्यांचा मोठा माल बैलांच्या पाठीवरून उत्तरेला, गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तिथून नावांनी कलकत्त्याला. हे अंतर मुंबईपेक्षा कमी नव्हते. पण त्या वाटेच्या शेवटी नदी होती, आणि मुंबईच्या वाटेच्या शेवटी सह्याद्री. एक बैल जेमतेम शंभर-सव्वाशे किलो वाहतो, दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालतो, वाटेत चारा-पाणी मागतो, आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीत त्याचे पाय रुततात. कापूस तर धुळीने मळायचा, पावसाने भिजायचा आणि गाठोड्यांतून गळायचा. रेल्वेचा दहा टनांचा एक साधा वाघिणीचा डबा म्हणजे असे ऐंशी ते शंभर बैल, आणि तो डबा वाटेत चरत नाही. लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि १८७० मध्ये खामगावला फाटा गेला. अमरावतीचा कापूस आता कलकत्त्याचा राहिला नाही. वऱ्हाडातली जमीन, पाऊस, शेतकरी सगळे तेच होते, फक्त त्यांचे बंदर बदलले. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला तेव्हा त्याचा लाभ घ्यायला मुंबईच्या पाठीशी हा सगळा मुलूख आधीच जोडलेला होता. बंदराचा पाठप्रदेश नकाशावर आखून मिळत नाही, तो दुसऱ्या कुठल्या तरी बंदराकडून घ्यावा लागतो आणि पुढे सांभाळावाही लागतो. माझ्या मते बाबांच्या त्या बोटाचा अर्थ हाच होता.

इगतपुरी ओलांडून दुपारी निफाडला उतरले. माझा मावसभाऊ घ्यायला आला होता. त्याची सहा एकर द्राक्षबाग आहे आणि त्याचा माल गावाजवळच्या पॅकहाउसमधून युरोपात जातो. “ताई, जेवण मग करू, आधी माल बघा,” म्हणाला, कारण काढणी उन्हाच्या आधीच होते आणि पॅकिंग संपत आले होते.

पॅकहाउसमध्ये बाया कात्रीने घडातले खराब मणी टिपत होत्या. देठाला धरायचे, मण्याला बोट लावायचे नाही, कारण मण्यावरची पांढरी लव पुसली तर घड शिळा दिसतो. पेट्यांत बुरशी रोखणारा गंधकयुक्त कागद घालून त्या प्रीकूलिंगच्या खोलीत जात होत्या. शेतातून तीसेक अंशांवर आलेले फळ तिथे सहा-आठ तासांत शून्याच्या जवळ आणतात. “कंटेनर थंड करत नाही, थंड ठेवतो,” भाऊ म्हणाला. “गरम माल भरला तर मशीन कितीही चालू दे, रॉटरडॅमला पाणी सुटलेली पेटी उघडते.”

मग त्याने तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. त्याचा एक कंटेनर वेळेत निघाला होता, पण बंदराच्या वाटेवरच्या रांगेत रात्र गेली आणि जहाजाची कट-ऑफ वेळ, म्हणजे कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ, हुकली. कंटेनर विजेच्या प्लगवर आठ दिवस उभा राहिला, पुढच्या जहाजाने गेला. फळ दिसायला चांगले होते, चवही होती. पण तिकडच्या तपासनीसाने देठ पाहिला. मणी टवटवीत असताना देठ हिरव्याचा तपकिरी झाला असेल, तर फळाने वाटेत किती दिवस काढले ते कळते. भाव निम्म्यावर आला. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढला, तेव्हापासून वाटेतल्या एका रात्रीची किंमत त्याला आणखी कळली आहे.

पाचवा दिवस : निफाड ते न्हावा-शेवा

सकाळी चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, पॅकहाउसच्या दाराला लागला. वीस पॅलेट, साधारण १३ टन द्राक्षे. पेट्यांमध्ये तापमान नोंदवणारी एक छोटी डबी ठेवली, दार बंद झाले, सील ठोकले, चालकाने ट्रेलरवरचा जनरेटर चालू केला आणि कंटेनरच्या पाटीवर उणे ०.५ अंश दिसू लागले. आम्ही भावाच्या जीपमधून मागे निघालो.

हाच कंटेनर आदल्या दिवशी न्हावा-शेवाकडून निफाडला रिकामा आला होता. नाशिककडे रीफरमधून येणारा माल फारसा नाही, त्यामुळे चढणीच्या रिकाम्या खेपेचे डिझेलही द्राक्षांच्याच हिशेबात पडते. घाटघरच्या आजोबांचे मीठ मला आठवले.

इगतपुरीपाशी ट्रेलर समृद्धी महामार्गावर चढला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि त्यात जवळजवळ आठ किलोमीटरचा जोडबोगदा आहे. ज्या थळघाटात रेल्वेला अजून मागून इंजिन लावावे लागते, ज्या कसाऱ्याच्या वळणांवर ट्रेलर पहिल्या गियरमध्ये रांगत, त्या डोंगराच्या पोटातून आम्ही काही मिनिटांत आरपार गेलो. भाऊ एकदम गप्प झाला. मग म्हणाला, “आजोबा द्राक्ष मुंबईला न्यायचे तेव्हा घाटात टेंपो उभा करून पाणी घालायचे.”

आमण्यापर्यंत तीन तासांच्या आत आलो, आणि मग भिवंडी बायपास, मुंब्रा, शिळफाटा, तळोजा, कळंबोली. उरलेल्या साठ-सत्तर किलोमीटरना त्याहून जास्त वेळ लागला. शिळफाट्याला ट्रेलर पाऊण तास एका जागी होता आणि जनरेटर डिझेल पीत होता. १८५८ सालचा खंडाळा-खोपोलीचा तुकडा इथे येऊन बसला आहे, असे मला वाटले. दोन्ही बाजूंचा रस्ता कितीही रुंद केला तरी मार्गाची क्षमता आता शिळफाटा ठरवतो. बोगद्यावर खर्च करणाऱ्यांनी तेवढ्याच तळमळीने या फाट्याकडे पाहिले पाहिजे, हे मी मनापासून म्हणते.

न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर मे १९८९ मध्ये सुरू झाले, ते मुंबईच्या गोदीला शहराने वेढल्यामुळे. तिथे कंटेनर ठेवायला अंगण नव्हते, ट्रेलरला दिवसा रस्ता नव्हता आणि दार ३०.५ मीटरचे होते. इथे जहाजाला दारातून शिरावे लागत नाही. ते उघड्या धक्क्याला लागते आणि त्यासाठी मार्ग १५ मीटरपर्यंत खोल केलेला आहे. २०२४-२५ मध्ये या बंदराने वीस फुटी मापाने ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. मात्र त्यांतले बहुसंख्य रस्त्याने येतात-जातात. रेल्वेने जाणारे जे आहेत, ते जासई, पनवेल, दिवा, वसई असे किनाऱ्याने गुजरातकडे आणि पुढे दिल्लीकडे जातात. म्हणजे सह्याद्री चढण्याऐवजी त्याला वळसा घालतात. तिकडे त्यांची गाठ गुजरातच्या मुंद्रा बंदराशी पडते. दादरी ते न्हावा-शेवा हा १,५०६ किलोमीटरचा मालवाहू रेल्वेमार्ग आखला गेला तेव्हा एकावर एक दोन कंटेनर नेणाऱ्या गाड्या इथवर याव्यात असा हेतू होता, पण त्याचा उत्तरेचा भाग आधी तयार झाला आणि गुजरातची बंदरे त्याला आधी जोडली गेली. दिल्लीच्या कारखानदाराने त्या काळात मुंद्रा निवडले असेल तर पैठणच्या व्यापाऱ्याप्रमाणे त्यानेही हिशेबच केला होता.

संध्याकाळी सहाच्या सुमारास ट्रेलर पार्किंग प्लाझात शिरला. कारखान्यातच सील झालेले निर्यातीचे कंटेनर इथे थांबतात, सीमाशुल्काची कागदपत्रे पुरी होतात आणि मगच टर्मिनलच्या फाटकाकडे जायची परवानगी मिळते. आम्हाला पुढे जाता येत नव्हते. चहाच्या टपरीवर बसलो. भाऊ दर पाच मिनिटांनी फोन पाहत होता. कट-ऑफ दुसऱ्या दिवशी सकाळी आठची होती.

साडेनऊला चालकाचा फोन आला. “गेट-इन झालं, प्लग लावला,” एवढेच बोलला आणि मागोमाग एक फोटो पाठवला. अंधारात कंटेनरची पाटी, तिच्यावर हिरवे आकडे, उणे ०.५. भावाने फोटो मोठा करून पाहिला, मग फोन माझ्या हातात दिला आणि जीप वळवायला गेला, कारण पहाटे पुढच्या बागेची काढणी होती.